धडधडीचा रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणजे नेमके काय कळले?

“धडधड होते म्हणून गेलात की ईसीजी काढून ‘नॉर्मल’ म्हणतात. ईसीजी दहा सेकंदांचा, होल्टर एका दिवसाचा, आणि धडधड नेमकी नंतर होते. हे रिपोर्ट म्हणजे नुसता दिलासा. खात्री हवी असेल तर थेट अँजिओग्राफी करा.”

असा आक्षेप घेतला जातो. ईसीजीत साधारण दहा सेकंदांचीच नोंद होते, हे खरे आहे. परंतु त्या वेळी धडधड होत नसली तरी ईसीजी बरेच काही सांगतो, कारण तो ठोक्यांच्या लयीबरोबरच हृदयातून विद्युतलहर कोणत्या वाटेने आणि किती वेळात जाते हेही दाखवतो. काही जणांच्या हृदयात वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत जाणारी एक जादा विद्युतवाट जन्मतःच असते. अशा व्यक्तीला त्या क्षणी काहीही जाणवत नसले, तरी तिच्या ईसीजीत पीआर अंतर, म्हणजे वरच्या कप्प्यांतून निघालेली लहर खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचण्याचा वेळ, 120 मिलिसेकंदांपेक्षा कमी आणि क्यूआरएसची, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या उंच रेघेची, सुरुवात तिरकी झालेली बहुधा दिसते. वाढलेले क्यूटी अंतर, म्हणजे खालचे कप्पे विद्युतदृष्ट्या पूर्ववत व्हायला लागणारा जादा वेळ, आणि जुन्या हृदयविकाराच्या झटक्याच्या खुणाही शांत अवस्थेत सापडू शकतात. या खुणा नाहीत असे कळणे ही ठोस माहिती आहे, मात्र तिच्यावरून रक्तवाहिन्यांत अडथळा नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

होल्टरविषयीचा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर रुग्णाने लिहिलेल्या डायरीत आहे. छातीवर इलेक्ट्रोड चिकटवून होल्टर म्हणजे ठोक्यांची सतत नोंद ठेवणारे लहानसे यंत्र दिवसभर अंगावर वागवताना, काही जाणवले की वेळ, त्या वेळी काय चालले होते आणि कसे वाटले हे लिहायचे, यंत्राला बटण असल्यास तेही दाबायचे. समजा, एका तरुण स्त्रीने लिहिले, “रात्री 10:40, डाव्या कुशीवर पडले होते, ठोका चुकला आणि मग धप्प झाले.” नोंदीत त्याच मिनिटाला खालच्या कप्प्यातून आलेला एक अवेळी ठोका दिसतो आणि त्यानंतर क्षणभराचा विराम. अवेळी ठोक्याच्या वेळी कप्पा पुरेसा भरलेला नसल्याने तो ठोका जाणवत नाही, म्हणून ‘चुकला’ असे वाटते. विरामात कप्पा नेहमीपेक्षा जास्त भरतो आणि पुढचा ठोका जोरात आपटतो. तिची दुसरी नोंद दुपारी 3:15 ची आहे, “छाती जोरजोरात उडते आहे.” तेव्हा गती मिनिटाला 118 ठोके होती, पण ती काही मिनिटांत हळूहळू चढली आणि तशीच हळूहळू उतरली, आणि प्रत्येक ठोका नेहमीच्याच ठिकाणाहून निघाला होता. लयबिघाडाचा झटका बहुतेक वेळा असा चढत नाही. तो एकदम सुरू होतो, गती पुष्कळदा 150 च्या वर जाते आणि तो एकदम थांबतो.

दिवसभरातील सुमारे एक लाख ठोक्यांत असे थोडे अवेळी ठोके निरोगी हृदयातही आढळतात. त्यांचे प्रमाण एकूण ठोक्यांच्या दहा टक्क्यांच्या आसपास किंवा वर गेले, तर हृदयाच्या स्नायूवर ताण येतो आहे का हे पाहावे लागते. या स्त्रीचा दिलासा ‘नॉर्मल’ या शब्दावर उभा नाही. जे तिला जाणवले, नेमके तेच नोंदले गेले आणि त्याचे कारण कळले, यावर तो उभा आहे. म्हणून डॉक्टरांनी रिपोर्ट हातात देऊन न थांबता डायरीची प्रत्येक ओळ आलेखाशेजारी ठेवून दाखवावी, आणि रुग्णाने तसे निःसंकोच मागावे, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते.

त्या दिवशी धडधड झालीच नाही, तर मात्र आक्षेप बरोबर ठरतो. अशा होल्टरवरून त्या धडधडीविषयी फारसे काही ठरत नाही. परंतु तेव्हा नोंदीचा काळ वाढवायचा असतो. धडधड आठवड्यातून एखाद्या वेळी होत असेल तर सात किंवा चौदा दिवस छातीवर चिकटवून ठेवायचा, ठोके नोंदवणारा पॅच लावता येतो. ती क्वचितच होत असली आणि सोबत बेशुद्धी येत असली, तर त्वचेखाली बसवायचे, वर्षानुवर्षे नोंद ठेवणारे यंत्रही उपलब्ध आहे.

अँजिओग्राफीने हा प्रश्न सुटत नाही. त्या तपासणीत नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळे पाहतात. गेल्या मंगळवारी ठोके का धावले हे त्यात दिसत नाही, आणि नळी घालण्याचा थोडा का होईना धोका पत्करावा लागतो.

धडधडीबरोबर शुद्ध हरपली असेल, ती ऐन श्रमाच्या वेळी होत असेल, छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल, हृदयरोग आधीपासून असेल, अथवा जवळच्या नात्यात तरुण वयात अचानक मृत्यू झाला असेल, तर ईसीजी आणि एका दिवसाचे होल्टर नॉर्मल असूनही तपास तिथे थांबवू नये. तेव्हा हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको आणि गरजेप्रमाणे ट्रेडमिल चाचणी करतात. गती नुसतीच सतत जास्त राहत असेल, तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासल्यावर पुष्कळदा कारण सापडते. धडधड चालू असताना भोवळ येत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर होल्टरच्या तारखेची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालयात जावे, म्हणजे चालू झटक्याचा ईसीजीही मिळतो.