नाव न घेता सांगायचे काम

मी पर्वरीतल्या एका आयटी सेवा कंपनीत नोकरी करतो आणि ज्यांचे काम करतो त्यांचे नाव उच्चारू शकत नाही. कंपनी आणि ग्राहक यांच्यात एक करार असतो, रुजू होताना आपण सही केलेला दुसरा असतो, आणि नोकरी सोडली तरी गुप्ततेचे बंधन बहुधा सुटत नाही. चवथीला फोंड्याच्या घरी जमलेल्या मंडळींना हे पटवणे अशक्य आहे. "बँकेचे काम की सरकारचे, एवढे तरी सांग," असे मामांनी विचारले आणि मी "आर्थिक क्षेत्रातील एक ग्राहक" असे उत्तरलो, तेव्हा माटोळीखाली बसलेल्या सगळ्यांनी मला नोकरी नसल्याचे एकमताने ठरवले.

मामांचे ठीक आहे, पण मुलाखत घेणाऱ्यांचेही मत तेच होते. आमच्या धंद्यात बायोडेटात लिहायचे एक ठरलेले वाक्य आहे: "एका अग्रगण्य जागतिक ग्राहकासाठी संपूर्ण उपाययोजना राबवली." हे वाक्य कोणताही करार मोडत नाही, कारण ते काहीच सांगत नाही. याच्या उलट टोकाला अतिउत्साही लोक असतात. माझ्या एका सहकाऱ्याने नाव गाळून "मांडवीत जहाजावर कॅसिनो चालवणारी, हॉटेलही असलेली कंपनी" असे लिहिले आणि आपण गुप्तता पाळल्याच्या समाधानात राहिला. मांडवीतले कॅसिनो बोटांवर मोजण्याइतके. त्यात हॉटेलाची चाळणी लावली की उरतात किती? नाव न लिहिताही ओळख पटते ती अशी, कारण प्रत्येक तपशील एकटा निरुपद्रवी असला तरी सगळे मिळून एकाच दारापाशी नेऊन सोडतात. मुंबईत "एक खाजगी बँक" म्हटले तर गर्दीत लपता येते. गोव्यात लपायला गर्दीच नाही.

म्हणून मी निकष बदलला. ग्राहक कोण हे जितके धूसर ठेवता येईल तितके ठेवायचे आणि बिघाड काय होता, तो कसा सापडला, मी काय केले, हे जितके नेमके सांगता येईल तितके सांगायचे. बहुतेक जण नेमके उलटे करतात.

उदाहरण देतो (यातले आकडे आणि तपशील बदललेले आहेत, कराराची प्रत माझ्या कपाटात आहे). दिवसभराचे व्यवहार रात्री जुळवून पाहणारी एक प्रणाली 2 वाजता सुरू होई आणि सकाळी 10 पर्यंत चाले, त्यामुळे कचेरी उघडताना हिशोब अर्धवट असे. सर्वांना मोठा सर्व्हर घ्यावासा वाटत होता. मी पाहिले तर प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामा बसलेला होता आणि डेटाबेसच्या नोंदवहीत एकच प्रश्न, फक्त क्रमांक बदलून, लाखो वेळा विचारलेला होता. प्रत्येक व्यवहारासाठी वेगळी फेरी होत होती, आणि ज्या रकान्यावर शोध चाले त्यावर इंडेक्स, म्हणजे नोंद झटपट सापडावी म्हणून ठेवलेली सूचीही नव्हती. इंडेक्स लावला, हजार-हजार व्यवहार एकदम मागवले, आणि काम 80 मिनिटांत आटोपले.

आता यातले बायोडेटात काय जाते? "आर्थिक क्षेत्रातील रात्रीची जुळवणी पूर्वीच्या सहाव्या हिश्श्याच्या वेळात; विलंबाचे कारण: एकेका नोंदीसाठी होणारी डेटाबेस फेरी." व्यवहारांची खरी संख्या मी लिहीत नाही, कारण ती ग्राहकाच्या धंद्याचा आकार सांगते, गुणोत्तर मात्र माझ्या कामाबद्दल सांगते आणि ग्राहकाबद्दल गप्प राहते. रकान्यांची नावे, कोड, दर आणि सुरक्षेतल्या फटी यांना तर हातच लावायचा नाही. ग्राहकाने स्वतःच जाहीर केलेले असेल तेवढे सहसा बोलता येते, पण तेही मॅनेजरकडून लेखी विचारून घेतलेले बरे. हे सगळे लिहून झाले की क्षेत्रातल्या, पण या कामाशी संबंध नसलेल्या माणसाला ग्राहक ओळखायला सांगायचे. माझा म्हापशाचा मित्र या कामात भयंकर तरबेज आहे. त्याने हात टेकले की मजकूर पाठवतो.

गेल्या मुलाखतीत समोरच्या गृहस्थांनी पहिलाच प्रश्न टाकला, "ग्राहक कोण?" मी म्हटले, "सर, ते सांगता येणार नाही, पण दोष डेटाबेसकडे आहे हे कसे कळले, ते फळ्यावर काढून दाखवतो." फळा भरला तसे ते खुर्चीतून पुढे सरकले. "आमच्याकडेही रात्री असेच होते," ते म्हणाले आणि एकदम थबकले. मी विचारले, "आमच्याकडे म्हणजे, सर?" त्यांनी दाराकडे पाहिले, घसा साफ केला आणि सांगितले, "आर्थिक क्षेत्रातील एक ग्राहक."