३०.४४ ने भागा, पण वाढदिवस सोडून

«महिने मोजत बसू नका. दोन तारखांमधले दिवस ३०.४४ ने भागा. चूक फार तर अर्ध्या दिवसाची. वय, मुदत, सगळीकडे चालतं.»

घरच्या ग्रुपवर हे आलं आणि लगेच कुणीतरी त्यावर वयाचा तक्ताही बसवला, म्हणून लिहितो.

३०.४४ म्हणजे महिन्याचे सरासरी दिवस, तेव्हा अर्धा दिवस कुठून आला ते कळतं. ३१ वजा ३०.४४ म्हणजे ०.५६ आणि ३०.४४ वजा ३० म्हणजे ०.४४. यात फेब्रुवारी विसरला गेला. १ फेब्रुवारी ते १ मार्च २८ दिवस, म्हणजे चूक २.४४ दिवसांची. जानेवारी ते जून १८१ दिवसांचे, सूत्र सांगतं १८२.६४.

वयाचं तर हसूच आहे. तक्त्यात हे होतं:

```
=INT((B2-A2)/30.44)
```

A2 मध्ये जन्मतारीख, B2 मध्ये आजची. पहिल्या वाढदिवसाला ३६५ भागिले ३०.४४ म्हणजे ११.९९. INT अपूर्णांक उडवतो, बाळ ११ महिन्यांचंच राहतं. अठराव्याला तर सुटकाच नाही. १८ वर्षांत लीप दिवस ४ किंवा ५ येतात, म्हणजे दिवस ६५७४ किंवा ६५७५. २१६ महिन्यांना सूत्राला ६५७५.०४ हवेत. त्यामुळे जन्म कुठल्याही तारखेचा असो, अठराव्या वाढदिवशी उत्तर २१५, म्हणजे सज्ञान व्हायला एक महिना बाकी! चूक फार तर एखाद्या दिवसाची, पण INT तिचा अख्खा महिना करतो. त्याऐवजी हे लिहा:

```
=DATEDIF(A2,B2,"m")
```

मुदतीचं म्हणाल तर १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना, सरासरी नव्हे. लवाद कायद्याच्या कलम ३४(३) मध्ये निवाड्याला आव्हान द्यायला तीन महिने मिळतात आणि पुरेसं कारण दाखवलं तर वर ३० दिवस. हिमाचल टेक्नो इंजिनिअर्स प्रकरणात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने तीन महिने म्हणजे ९० दिवस नव्हेत असं स्पष्ट सांगितलं. निवाडा मिळाल्याची तारीख धरली १२ नोव्हेंबर २००७, तीन महिने संपले १२ फेब्रुवारीला आणि पुढचे ३० दिवस १३ मार्च २००८ ला. ९० दिवस धरले तर पहिला टप्पा १० फेब्रुवारीलाच संपतो. ३०.४४ ने ९१ दिवस, म्हणजे ११ फेब्रुवारी आणि शेवट १२ मार्च. एक दिवस फुकट गेला. तक्त्यात `=EDATE(A2,3)` बरोबर १२ फेब्रुवारी देतं.

एक मात्र मान्य करावं लागेल. चूक महिन्यागणिक साचत जाते असं म्हणणारेही चुकतात. ग्रेगोरियन सरासरी ३०.४३६८७५ आहे, तेव्हा ३०.४४ मुळे शंभर वर्षांत पावणेचार दिवसांचा फरक पडतो, बस्स. सिलिंडर सरासरी किती दिवस पुरतो, वर्षभराचा खर्च महिन्याला किती, अशा हिशेबांना खुशाल वापरा.