पत्र टाकलं की जनहित याचिका?

“कोर्टाला साधं पत्र टाकलं की जनहित याचिका होते, कुणीही कशासाठीही टाकावं.”

हे अर्धंच खरं आहे. ‘ज्याचा हक्क डावलला त्यानेच यावं’ ही अट १९८१ च्या एस. पी. गुप्ता निकालात सैल झाली, ती मुख्यतः गरिबीमुळे किंवा असहायतेमुळे कोर्टाची पायरी चढू न शकणाऱ्यांसाठी. त्यांच्या वतीने कुणीही प्रामाणिक हेतूने येऊ शकतो. फरिदाबादच्या दगडखाणींतल्या वेठबिगारांबद्दल बंधुआ मुक्ती मोर्चाने लिहिलेलं पत्रच सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानलं. पण लगेच दोन वकील खाणींवर पाठवून खातरजमाही करून घेतली. उलट, घरमालक-भाडेकरूचा किंवा नोकरीचा वैयक्तिक वाद लिहिलात, तर १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असं पत्र सहसा छाननीतच बाजूला पडतं.