साहेब झालीस, पार्टी कधी?

मित्रमैत्रिणीचं प्रमोशन झालं की अभिनंदन कसं करावं, याचं ज्ञान आपल्या लोकांना उपजतच असतं. तरी काही मागासलेले जीव अजून स्वतःच्या बोटांनी मेसेज लिहितात, लिहिण्याआधी दोन मिनिटं विचारही करतात, असं कानावर आलं. त्यांनी सुधारावं म्हणून हा मार्गदर्शनपर मजकूर. माल ताजा आहे. माझी एक जुनी मैत्रीण सरकारी बँकेत क्लार्क होती. गेल्या आठवड्यात प्रमोशनची यादी लागली आणि ती ऑफिसर झाली, स्केल वन. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर बातमी पडली आणि त्यानंतर तिथे जो काही आनंदसोहळा झाला, त्यातूनच पुढचे धडे घेतलेले आहेत.

सगळ्यात आधी, लक्ष फक्त पदावर ठेवा. माणूस कालपर्यंत काय करत होता याच्याशी आपला संबंध नाही. ‘अरे व्वा, मॅनेजर!’ असं ठोकून द्या. स्केल वनला असिस्टंट मॅनेजर म्हणतात, हा तपशील तुमच्या आनंदाच्या आड येऊ देऊ नका.

मेसेज शक्यतो दुसऱ्याचाच उचला. ‘पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा’ हे वाक्य नगरसेवकाच्या फ्लेक्सवर चालतं, दहावीच्या निकालाला चालतं, निवृत्तीला तर चालतंच चालतं, तेव्हा इथेही चालेल. आमच्याकडे एकाने घाईत केकचं स्टिकर टाकलं आणि त्यामागून चौघांनी तिला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. तिने चौघांनाही थँक्यू म्हटलं. करणार काय!

पार्टी लगेच मागा. अभिनंदनाच्या आधी मागितलीत तर उत्तम.

पगार किती वाढला तेही विचारा, ग्रुपवरच.

आता पोस्टिंग. यादी लागली रे लागली की ‘कुठे टाकलं?’ हा प्रश्न गेलाच पाहिजे. पोस्टिंगची ऑर्डर बऱ्याचदा यादीनंतर काही दिवसांनी येते आणि त्या मधल्या दिवसांत माणसाच्या पोटात गोळा असतो, ही गोष्ट विसरून जा. क्लार्क असताना बदली झाली तरी साधारण आसपासच होते. ऑफिसर झालं की देशात कुठेही उचलून टाकतात, शिवाय ओव्हरटाइम बंद. म्हणूनच कित्येक जण पात्र असूनही अर्ज भरत नाहीत आणि जन्मभर काउंटरवर सुखाने राहतात. तिने हे सगळं माहीत असून अर्ज भरला. पण तुम्ही विचारा, ‘गडचिरोली की काय मग?’ आणि पुढे हसणारी तोंडं टाका. गडचिरोलीत माणसं राहत नाहीत बहुतेक.

यानंतर येतो हुकमाचा एक्का. ‘नशीब लागतं बाबा.’ हे वाक्य प्रत्येक ग्रुपवर एक तरी जण लिहितोच, आमच्याकडे दोघांनी लिहिलं. यातला एक तिच्याच शाखेत खातं असलेला. म्हणजे याने तिला रोज काचेपलीकडे बघितलंय! नशीब काय काय करतं ते याला सांगते. बँकवाल्यांची जेएआयआयबी नावाची परीक्षा असते. २०२३ पासून तिचे चार पेपर झाले. अर्थव्यवस्था, बँकिंग, हिशेब आणि रिटेल. त्यावर सीएआयआयबी, तिचे चार सक्तीचे आणि एक ऐच्छिक. प्रत्येक पेपर शंभर गुणांचा, पासिंग पन्नासला. वर्षातून दोनदा परीक्षा होते, आणि पास झालेले पेपर ठरावीक मुदतीपर्यंतच खात्यात जमा राहतात, त्या मुदतीत उरलेले सुटले नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून. मुंबई-पुण्यात क्लास असतील, हिच्या तालुक्यात नव्हते. अकाउंट्स हिने कधी बघितलंच नव्हतं, कारण ही विज्ञानाची. बाजारातले व्याजदर चढले की जुन्या बाँडची किंमत का पडते, हे ती स्वतःशी बडबडत पाठ करायची. दुपारी जरा गर्दी ओसरली की नोटांचा तपशील लिहायच्या स्लिपच्या पाठकोऱ्या बाजूला सूत्रं लिहून काढायची, आणि संध्याकाळी कॅश टॅली झाल्याशिवाय त्या स्लिपकडे बघायचं नाही हा तिचा नियम. कारण कॅश शॉर्ट आली तर ती खिशातून भरावी लागते, बाँड कुठेही पळून जात नाही.

आणि ह्या परीक्षा पास झाल्या म्हणजे प्रमोशन होत नाही बरं का! वेतनवाढ मिळते. प्रमोशनसाठी बँकेची लेखी परीक्षा वेगळी, मुलाखत वेगळी, जागा मोजक्या. एवढं सगळं करून यादीत नाव आलं तर त्याला म्हणायचं नशीब. ज्याने हे लिहिलं त्याचा मुलगा यंदा नीटला बसतोय. त्याच्या निकालाला मी हेच वाक्य पाठवणार आहे, फुलांसकट.

असो. शांत डोक्याने मार्गदर्शन करायचं ठरलं होतं.

काही सुज्ञ मंडळी आमच्यासारख्यांचं ऐकून मेहनतीचं कौतुक करायला जातात. त्यांच्यासाठीही सोय आहे. ‘घासून घासून शेवटी झालीस एकदाची!’ असं लिहा. म्हणजे मेहनतीचा उल्लेख झाला आणि डोकं बेताचं आहे हेही कळलं. तिचा एक पेपर एकदा राहिला होता हे तुम्हाला ठाऊक असेल तर तेही सव्वाशे लोकांच्या ग्रुपवर लिहा, ‘हार मानली नाहीस, सलाम’ असं. तिने तुम्हाला ते एकट्यात सांगितलं होतं, पण सलाम उघड्यावरच शोभतो.

बाई असेल तर ‘घर सांभाळून केलंस, ग्रेट!’ हे ठेवणीतलं. लगोलग तिच्या नवऱ्याचं अभिनंदन करा, त्याच्या सपोर्टबद्दल. आमच्याकडे तेही झालं. नवरा भला माणूस आहे, त्याने परीक्षेच्या रविवारी गाडीवरून सेंटरला सोडलं, हे खरं. पण आमच्या वर्गातला एक मागे डेप्युटी इंजिनिअर झाला तेव्हा ‘घर सांभाळून केलंस’ असं त्याला कुणी म्हटलं नाही. त्याच्या बायकोचं नावही कुणी काढलं नाही, आणि ती तर दोन लेकरं आणि सासू एकटीने बघत होती. तेव्हा सपोर्ट कुठे गेला होता?

आता सरळच बोलते. उपरोध करायचा कंटाळा आला.

तुम्हाला अभिनंदन करता येत नाही, कारण तुम्ही त्या माणसाकडे कधी बघितलेलंच नसतं. मेहनतीचं कौतुक म्हणजे ‘मेहनती’ हे विशेषण चिकटवणं नव्हे. तुम्ही डोळ्यांनी बघितलेली एक गोष्ट लिहायची. एकच, पण खरी. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडक्या बहिणींचे पैसे जमा व्हायला लागले तेव्हा हिच्या शाखेत बायकांची रांग दाराबाहेर गेली होती, आठवतंय ना? तुम्हीच फोटो टाकले होते गंमत म्हणून. अर्ध्याअधिक जणींची तक्रार एकच, ‘पैसे आले नाहीत.’ पैसे आलेले होते, पण आधारला शेवटचं जे खातं जोडलेलं असतं त्यात गेले होते, आणि ते दुसऱ्याच बँकेत कधीतरी उघडून विसरलेलं. काउंटरवरचा माणूस ‘इथे नाहीत’ एवढं म्हणून मोकळा होऊ शकतो. ही प्रत्येकीला पैसे कुठल्या बँकेत गेलेत ते बघून कागदावर लिहून देत होती, कारण त्यातल्या अनेकींना दुसऱ्या बँकेत जाऊन काय विचारायचं हेच सांगता आलं नसतं. त्यांच्यात माझ्या मावशीही होत्या. तो कागद घेऊन त्या गेल्या आणि त्यांना पैसे मिळाले.

म्हणून मी तिला लिहिलं ते असं, आणि ग्रुपवर नाही, तिला एकटीला: ‘अभिनंदन गं! लाडकी बहीणच्या गर्दीत तू मावशींना बँकेचं नाव लिहून दिलं होतंस, त्या अजून सांगतात. त्याच दिवसांत तू सीएआयआयबीचा अभ्यास करत होतीस हे मला नंतर कळलं. ऑफिसरचं काम तू तेव्हाच करत होतीस, ऑर्डर आत्ता निघाली. पोस्टिंग आल्यावर सांग, सामान बांधायला येते.’

यात शायरी नाही. एक प्रसंग आहे, तो मला ठाऊक कसा ते आहे, आणि पदाचा उल्लेखही आहे, कारण पद तिने कमावलंय आणि ते ऐकायचा तिला हक्क आहे. पद गाळून नुसती मेहनत मेहनत केलं तर तो सांत्वनाचा मेसेज वाटतो. पोस्टिंग विचारलेलं नाही, सांगायचं तेव्हा सांग म्हटलंय. राहिलेल्या पेपरचा विषय नाही, तो तिचा आहे, काढायचा तर तिने काढावा. लिहायला पाच मिनिटं लागली. तिचा फोन आला आणि ती जे बोलली ते मी इथे लिहिणार नाही.

तुम्हाला असं काहीच आठवत नसेल तर नुसतं ‘अभिनंदन’ लिहा आणि गप्प बसा. किंवा विचारा, ‘सगळ्यात अवघड काय गेलं?’ माणसं सांगतात. त्यांना कुणी विचारत नाही, एवढंच.

आणि ते ‘मेहनतीचं फळ मिळतंच’ बंद करा. त्याच ग्रुपवर आमची दुसरी एक मैत्रीण आहे, दुसऱ्या शाखेत क्लार्क. हीच परीक्षा, हीच मुलाखत, यादीत नाव नाही. रात्री अभ्यास तिनेही केला, रविवारी पेपरला तीही बसली, जागा संपल्या. फळ मिळतंच म्हणता तेव्हा तिला काय ऐकू जातं, कळतंय का? तिने मेहनत केली नाही, असं. तिने त्या दिवशी सगळ्यात आधी अभिनंदन लिहिलं होतं, तुमच्या केकांच्या वर आहे बघा. त्या मेसेजला तुमच्यापैकी एकाचाही अंगठा नाही. मेहनतीचं एवढं कौतुक असेल तर तिलाही फोन करा. पुढच्या वेळी नक्की होईल वगैरे बोलू नका, ते तुमच्या हातात नाही. मुलाखतीत काय विचारलं ते विचारा आणि ऐका.