पाच पर्सेंटाइल म्हणजे शंभरात पाच गुण नव्हेत

“स्मरणशक्तीच्या चाचणीत ५ पर्सेंटाइल म्हणजे शंभरात पाचच गुण. आकडा इतका खाली आला की स्मृतिभ्रंश पक्का. मग वय, शिक्षण, भाषा यांच्या सबबी सांगू नयेत.”

हा समज चुकीचा आहे. पर्सेंटाइल म्हणजे गुणांची टक्केवारी नव्हे, ते तुलनेतले स्थान आहे. ज्या निरोगी माणसांशी तुलना केली, त्यांच्यातील सुमारे ५ टक्के माणसांना तेवढे किंवा त्याहून कमी गुण मिळतात, एवढेच हा आकडा सांगतो.

म्हणून तुलना कोणाशी केली, हे आधी पाहावे लागते. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील, मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या ६८ वर्षांच्या एका बाईंचे उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. त्यांना वीस मिनिटांनंतर दहापैकी ४ शब्द आठवले. त्याच वयाच्या पदवीधर गटाची सरासरी ७ आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप, १.८ असेल, तर ४ मधून ७ वजा करून उरलेल्या उणे ३ ला १.८ ने भागल्यावर झेड-स्कोअर, म्हणजे सरासरीपासूनचे विचलनांत मोजलेले अंतर, उणे १.६७ येतो. त्याला १० ने गुणून त्यात ५० मिळवले की तेच अंतर वेगळ्या मापात सांगणारा टी-स्कोअर ३३ होतो आणि पर्सेंटाइल सुमारे ५. मात्र चौथी-पाचवीपर्यंत शिकलेल्या गटाची सरासरी ५.२ आणि विचलन २ असेल, तर झेड उणे ०.६, टी ४४ आणि पर्सेंटाइल २७ येतो, म्हणजे बाई सर्वसाधारण पट्ट्यात बसतात. आठवलेले शब्द दोन्ही वेळा चारच आहेत. अशा ठिकाणी शिक्षणाला सबब म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण ते या हिशेबाचाच भाग आहे.

भाषेचे दुखणे याहून खोल आहे. घरी मराठी आणि बाजारापुरती कन्नड बोलणाऱ्या या बाईंना शब्दयादी कन्नडमधून वाचून दाखवली असेल, तर कमी गुणांत स्मरणाचा वाटा किती आणि शब्द न उमगल्याचा किती, हे कोणतेही कोष्टक वेगळे करून देऊ शकत नाही. तो गुण स्मरणशक्तीचा म्हणून वाचूच नये.

तुलना योग्य गटाशी आणि भाषा घरची असूनही पर्सेंटाइल ५ आला, तरी निदान होत नाही. परस्परांशी संबंध नसलेल्या दहा चाचण्या घेतल्या, तर निरोगी माणसाचाही किमान एक गुण ५ पर्सेंटाइलच्या रेषेखाली जाण्याची शक्यता ४० टक्के असते. प्रत्यक्षात चाचण्या एकमेकींशी निगडित असल्याने ती यापेक्षा कमी भरते, पण नगण्य होत नाही. त्यामुळे स्मरणाच्या दोन-तीन चाचण्या एकाच दिशेने घसरल्या आहेत का आणि औषधे, पैसे, स्वयंपाक यांत पूर्वीपेक्षा चुका वाढल्या आहेत का, हे घरच्यांना विचारावे लागते. स्मृतिभ्रंश म्हणण्यासाठी रोजच्या व्यवहारात झालेली घट आवश्यक असते.

याची उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. बेळगावातील एखाद्या निवृत्त प्राध्यापकांचा ३० पर्सेंटाइल सर्वसाधारण म्हणून सोडून दिला जातो. पण आधीच्या चाचणीत त्यांचा ९० असेल, तर एवढी घसरण तपासल्याविना सोडता येत नाही.