पलट, पाँव आणि सत्तर रुपये

लग्न जमवायच्या साइटवर ‘आवडी’ असा एक रकाना असतो. तिथे शहाण्या मुली ‘वाचन, प्रवास, नवीन पदार्थ करून बघणे’ असं काहीतरी टाकून मोकळ्या होतात. मी टाकलं ‘सिनेमे’. हिंदी, मराठी, जुने, नवे, सगळे. तेव्हापासून माझा फोन म्हणजे मॅटिनी शो झालाय. ज्याला त्याला वाटतं की हिला सिनेमे आवडतात ना, मग ‘हाय’ कशाला म्हणायचं, थेट डायलॉगच टाकू.

एकाचा पहिलाच मेसेज होता, ‘तुम्हारा नाम क्या है बसंती?’ आणि पुढे डोळा मारणारा स्मायली. आता नाव तर प्रोफाइलवर ठळक अक्षरात लिहिलेलं होतं पण ते सोडा. मला प्रश्न पडला की या माणसाने ‘शोले’ बघितलाय कधी? बसंती जय-वीरूला टांग्यात घेते तेव्हापासून तिच्या तोंडाचा पट्टा सुरू असतो, बोलता बोलता स्वतःचं नाव तिने कितीदा तरी घेतलेलं असतं, आणि एवढं झाल्यावर ती म्हणते की तुम्ही माझं नाव विचारलंच नाही, तेव्हा जय थंडपणे हे वाक्य टाकतो. म्हणजे त्याचा खरा अर्थ ‘बाई गं, किती बोलतेस’ असा आहे, आणि म्हणणारा जय आहे, ज्याला बसंतीत काडीचा इंटरेस्ट नाही! तिच्यावर मरतो तो वीरू. मी तर अजून एक अक्षरही बोलले नव्हते, त्याआधीच मला बडबडी ठरवून हा मोकळा, वर डोळा मारतोय. मी फक्त नाव कळवलं. त्यावर त्याने ‘कितने आदमी थे’ पाठवलं, ते कोणत्या संदर्भात विचारलं हे मला आजतागायत कळलेलं नाही आणि स्थळाच्या बाबतीत हा प्रश्न जरा नाजूकच आहे.

पण डायलॉग टाकायची ही सवय का लागते ते मला कळतं, खोटं कशाला बोलू. साइटवरून ओळख झाली की सुरुवात ‘तुम्ही’ने होते, दोन्हीकडचे आईवडील मागे बसलेले असतात, ‘तुमचे डोळे सुंदर आहेत’ असं सरळ लिहायची कोणाची टाप आहे? डायलॉगमध्ये मात्र ‘तू’ म्हणता येतं, लाडात येता येतं, आणि समोरची भडकली तर ‘अहो तो डायलॉग होता’ म्हणून हात वर करता येतात. बोललो मी, पण जबाबदार सलीम-जावेद. फक्त ही सोय वापरायची तर तो सीन माहिती पाहिजे. कोण बोलतो, कोणाला बोलतो, आणि पुढे काय होतं. मंडळी नेमकी तिथेच आपटतात.

सगळ्यात जोरात आपटला तो ट्रेकवाला. मी राजगडावरचा एक फोटो लावला होता, पावसाळ्यातला, बूट घोट्यापर्यंत चिखलात, चेहऱ्यावर ‘आता उतरायचं कसं’ असे भाव. त्यावर याचं उत्तर, ‘आपके पाँव देखे, बहुत हसीन हैं. इन्हें ज़मीन पर मत उतारिएगा, मैले हो जाएँगे.’ आणि ते त्याने इंग्रजी अक्षरांत टाइप केल्यामुळे मी आधी वडापावमधला पाव वाचला आणि भूकच लागली.

आता हा ‘पाकीज़ा’मधला सीन म्हणजे खरं तर आपल्या सिनेमातल्या फ्लर्टी मेसेजचा आजोबा. रात्रीची रेल्वे, डब्यात साहिबजान, म्हणजे मीनाकुमारी, झोपलेली. सलीम त्या डब्यात शिरतो, तिचे पाय बघतो, एक चिठ्ठी लिहून तिच्या पायाशी ठेवतो आणि निघून जातो. नाव नाही, नंबर नाही, ‘रिप्लाय कर ना’ नाही. सकाळी तिला चिठ्ठी मिळते आणि पुढे ती ती चिठ्ठी उराशी धरून बसते. इथे दोन गोष्टी आहेत ज्या ट्रेकवाल्याकडे नव्हत्या. एक म्हणजे राजकुमारचा आवाज, त्या आवाजात लाइटबिल वाचून दाखवलं तरी माणूस विरघळेल, पण मेसेजमध्ये आवाज येत नाही, नुसते शब्द उरतात आणि नुसत्या शब्दांत ती एक पायांविषयीची तक्रार वाटते. दुसरं म्हणजे सलीम निघून जातो. ट्रेकवाला गेला नाही. निळ्या टिका दिसल्यावर त्याने लगेच ‘??’ पाठवलं, मग ‘ओळखलं का पिक्चर?’, मग स्वतःच ‘पाकीज़ा :)’. चिठ्ठी ठेवून सलीम डब्याच्या दारात उभा राहून ‘वाचली का, वाचली का’ करत बसला असता तर साहिबजानने साखळी ओढली असती.

आणि खरी गंमत त्याला माहितीच नव्हती. साहिबजान ती चिठ्ठी मैत्रिणीला दाखवते तेव्हा मैत्रीण काय म्हणते? म्हणते, हा निरोप तुझ्यासाठी नाहीच. तेव्हा तुझ्या पायात घुंगरू नसणार, असते तर कोणी कशाला म्हटलं असतं की पाय जमिनीवर ठेवू नका? म्हणजे ही एवढी गाजलेली स्तुती सिनेमातच पत्ता चुकलेली आहे, कोठ्यावर नाचणाऱ्या बाईला ‘पाय खाली ठेवू नका’ म्हणणं म्हणजे ती कोण आहे हेच ठाऊक नसणं. आणि शेवटी त्याच सलीमच्या लग्नात ती काचांवर नाचते, चादरीवर तिच्याच रक्ताचे ठसे उमटतात. 1972 सालापासून लोक पहिली दोन वाक्यं पाठ करतायत आणि काचा विसरतायत. मी हे सगळं ट्रेकवाल्याला लिहून पाठवलं, बऱ्यापैकी लांब मेसेज झाला असावा, कारण त्यानंतर त्याचं ऑफिसचं काम वाढलं. वाढलं ते वाढलंच.

मग बाणेरवाला. हा प्रत्यक्ष भेटला, माणूस बरा होता, कॉफी झाली, गप्पा झाल्या, ‘डीडीएलजे’ दोघांचाही आवडता निघाला. निरोप घेऊन मी रस्ता ओलांडून रिक्षाकडे निघाले, रिक्षावाला मीटर टाकायला तयार नव्हता म्हणून माझं तिथे काहीतरी चालू होतं, तेवढ्यात फोन वाजला. बघते तर मेसेज, ‘पलट’. मग परत वाजला, ‘पलट’. मग परत.

शाहरुख काय करतो आठवा. युरोपची ट्रिप संपलेली असते, लंडनच्या स्टेशनवर सिमरन पाठ फिरवून चाललेली असते, आणि तो तोंडातल्या तोंडात म्हणतो की ही माझ्यावर प्रेम करत असेल तर वळून बघेल. पलट. पलट. आणि ती वळते. या सीनची सगळी जादू यात आहे की तिला ऐकू जात नाही. तो स्वतःशी पैज लावतोय, ऑर्डर सोडत नाहीये. मेसेज पाठवला की तो तिला पोचतो, हाच मेसेजचा प्रॉब्लेम आहे. शिवाय फोन वाजला की माणूस मागे बघत नाही, खाली फोनमध्ये बघतो. मी तिन्ही वेळा खाली बघितलं, रिक्षावाला म्हणाला ‘ताई बसताय का’, मी बसले आणि गेले. रात्री त्याचा मेसेज आला, ‘तुम्ही वळलाच नाहीत’. नुसती नाराजी नाही, त्याने त्यातून निष्कर्ष काढला होता! सिमरनला रिक्षा करायची नव्हती हो, नाहीतर मराठा मंदिरला तो पिक्चर वीस-वीस वर्षं चालला नसता.

आईचं म्हणणं पडलं की तू फार चिकित्सा करतेस, मुलं बिचारी काहीतरी गोड बोलायला बघतात आणि तू पेपर तपासायला बसतेस. असेल बुवा. पण मला उलट वाटतं. डायलॉग टाकणं म्हणजे भेंड्या खेळण्यासारखं असतं, तुम्ही म्हटलं की शेवटचं अक्षर माझ्याकडे यायला पाहिजे. ‘पाँव हसीन हैं’ला मी काय उत्तर देऊ, ‘धन्यवाद, चपलेचा नंबर सात’? अख्खं वाक्य स्वतःच म्हणून टाळ्यांची वाट बघत बसलात तर समोरचीला कामच उरत नाही, तिने नुसतं लाजायचं, आणि लाजायला मला वेळ लागतो.

आता हे ज्याला न सांगता कळलं त्याचं सांगते. हा बँकवाला. याने आठवडाभर एकही डायलॉग टाकला नव्हता, मला वाटलं याला सिनेमाचं अंग नाही. पर्वतीजवळ भेटलो होतो, पार्किंगवाल्याला द्यायला त्याच्याकडे सुट्टे नव्हते आणि ऑनलाइन काही होईना, नेटवर्क गेलेलं, मग त्याचे आणि नंतरच्या उसाच्या रसाचे मिळून सत्तर रुपये मी दिले. म्हणाला रात्री पाठवतो. रात्री काही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अगदी कोरडेपणाने, डोक्यात सिनेमाबिनेमा काही नसताना लिहिलं, ‘माझे सत्तर रुपये?’

उत्तर आलं, ‘वारले.’

बस. एक शब्द. स्मायली नाही, ‘ओळखा पिक्चर’ नाही. 1988 सालची ‘अशी ही बनवाबनवी’. धनंजय मानेने घरमालक सरपोतदारांकडून इस्रायलच्या डायबिटीसच्या औषधासाठी सत्तर रुपये घेतलेले असतात, मग औषध आणणारा मित्र वारला असं सांगतो आणि त्याच्याबरोबर सत्तर रुपयेही वारतात. म्हणजे सरपोतदारांचं वाक्य मी नकळत म्हणून बसले होते आणि त्याने ते खाली पडू दिलं नाही. आणि नीट बघा, त्यात माझ्या डोळ्यांबद्दल, पायांबद्दल, मानेबद्दल काही नाही, सरळसरळ पैसे बुडवल्याची कबुली आहे, तरी मी ऑफिसच्या बसमध्ये एकटीच हसत होते आणि शेजारच्या काकू सरकून बसल्या. मी लिहिलं, ‘मग इस्रायलचं औषध?’ तो म्हणाला, ‘तुम्हाला शुगर आहे का?’ मी म्हटलं, ‘नाही, आमच्या बाबांना आहे.’ तो म्हणाला, ‘मग घरी यावं लागेल.’

बघा कसं आलं ते. तुम्हालाही उशिरा कळलं असेल, मला तर घरी पोचल्यावर कळलं.

घरी पोचून फोन टेबलावर ठेवला आणि हात धुवायला गेले, तेवढ्यात आईने स्क्रीनवर बघितलं. त्याचा नवा मेसेज आला होता, ‘खरंच वारले, शोक व्यक्त करायला रविवारी येऊ का?’ आईने तिथूनच हाक मारली, ‘अगं कोण गेलं? त्या बँकेतल्या मुलाकडे कोणी गेलं का?’ मी म्हटलं, सत्तर रुपये. आईला काही कळेना. आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, टीव्हीचा आवाज कमी करून, ‘इस्रायलच्या औषधाचे का?’

त्यावर बाबा बाहेर आले, मेसेज स्वतः वाचला, चष्मा कपाळावर चढवून परत वाचला आणि रविवारी कोण कोण घरी आहे याची चौकशी सुरू केली. आई मात्र माझ्याकडेच बघत होती. ‘ते सगळं ठीक आहे,’ म्हणाली, ‘पण दिले का त्याने पैसे?’