फक्त दोन शब्द बोलतो

क्रीडाशिक्षकाच्या हाती वर्षातून एकदाच माईक येतो, तो वार्षिक क्रीडादिनाच्या सकाळी. एरवी बाराही महिने शिट्टीवर भागवावं लागतं, आणि शिट्टीतून विशेषणं वाजत नाहीत. तेव्हा सर, स्वागताचं भाषण तुमच्याकडे आलंय ना, मग ते सोडू नका. मुलं काय, पुढच्या वर्षीही धावतील.

आधी आवाजाचं बघा. दोन्ही स्पीकर तुमच्या पाठीमागे, तोंड तुमच्याकडे करून ठेवायला सांगा. म्हणजे स्पीकरमधला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरेल, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये, आणि पहिल्या ‘सन्माननीय’लाच अशी किंकाळी फुटेल की झोपाळू पालकसुद्धा ताठ बसतील. काही अरसिक लोक स्पीकर माईकच्या पुढे नेतात, तोंड श्रोत्यांकडे करतात, आणि सगळी मजा घालवतात. आणखी दोन स्पीकर मैदानाच्या पलीकडच्या टोकाला लावता आले तर फारच उत्तम. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. जवळच्या स्पीकरपेक्षा लांबचा स्पीकर 100 मीटर दूर असला, तर तुमचा प्रत्येक शब्द आधी एकदा आणि पाव सेकंदाहून जरा जास्त वेळाने पुन्हा एकदा ऐकू येतो. भाषण न वाढवता दुप्पट होतं, हे थोड्या वक्त्यांना साधलंय.

सुरुवात अर्थातच ‘मी आपला फार वेळ घेणार नाही’ या वाक्याने करा. त्यानंतर तो घ्या.

इथे कोणीतरी आगाऊ माणूस तुम्हाला ऑलिंपिकचं उदाहरण देईल. उद्घाटनाला यजमान देशाचा प्रमुख उभा राहतो, समोर अख्खं जग बसलेलं असतं, आणि ऑलिंपिक सनदेनुसार त्याला बोलायला मिळतं ते एक वाक्य. तेही आधीच लिहून ठेवलेलं: अमुक शहरातल्या खेळांचं उद्घाटन झाल्याचं मी जाहीर करतो. बस. शहराचं नाव आणि कितवं ऑलिंपिक तेवढं भरायचं. तुम्ही त्या माणसाला शांतपणे सांगा, की त्यांच्याकडे देशाचा प्रमुख होता, आमच्याकडे क्रीडाविभागप्रमुख आहे.

आता सुभाषितं. ‘निरोगी शरीरात निरोगी मन’ घ्यायलाच हवं, लॅटिनमधून घेतलं तर आणखी बरं. हे वाक्य ज्युव्हेनल नावाच्या रोमन कवीच्या दहाव्या कवितेतलं आहे. माणसं देवाकडे संपत्ती, सत्ता, वक्तृत्व असलं काय काय मागतात आणि त्यापायी कशी मरतात, हे त्यात आहे. वक्तृत्वाने ज्यांचा जीव घेतला त्यांची उदाहरणंही आहेत. मागायचंच असेल तर निरोगी शरीरात निरोगी मन मागा, असं तो शेवटी म्हणतो. म्हणजे उपरोधिक कवितेतली ती ओळ आहे, आणि तिच्या अलीकडे वक्तृत्वाच्या हौसेची टवाळी आहे. हा भाग गाळा.

‘जिंकणं नव्हे, भाग घेणं महत्त्वाचं’ हेही म्हणा, आणि ते आधुनिक ऑलिंपिक सुरू करणाऱ्या कुबेर्तँच्या नावावर खपवा. त्याने स्वतः 1908 साली लंडनमध्ये हे बोलताना पेनसिल्व्हेनियाच्या बिशपचा हवाला दिला होता, बिशपने ते काही दिवसांपूर्वी प्रवचनात सांगितलं होतं. आपण इतक्या खोलात जायचं कारण नाही. हे म्हणताना मागच्या टेबलावर फक्त पहिल्या तिघांसाठी मांडलेली पदकं पाहुण्यांना दिसू नयेत, एवढी काळजी घ्या.

या वेळेपर्यंत मुलं कुठे आहेत? मैदानात, रांगेत, उन्हात, ‘सावधान’मध्ये. तिथेच राहू द्या. ‘विश्राम’ दिला तर हालचाल होते, आणि हालचाल झाली की भाषणाचा रंग जातो.

शरीरशास्त्र तुम्ही शिकलेले आहात, तेव्हा नवीन काही सांगत नाही. माणूस निश्चल उभा राहिला की रक्त पायांत उतरतं, अर्धा लिटर किंवा त्याहून जास्तही. ते वर ढकलायचं काम पोटऱ्यांचे स्नायू करतात. चालताना ते शिरांना दाबतात आणि रक्त हृदयाकडे परत जातं. पोटरी हललीच नाही तर हा पंप बंद. त्यात ऊन असलं की कातडीजवळच्या रक्तवाहिन्याही फुगतात आणि मेंदूच्या वाट्याला आणखी कमी उरतं. हा धडा तुम्ही वर्गात शिकवता, आकृती काढून. क्रीडादिनाला त्याचं प्रात्यक्षिक होतं, एवढंच.

प्रात्यक्षिक असं चालतं. तिसऱ्या रांगेत डावीकडून चौथी एक मुलगी आहे. हाताची घडी नाही, गुडघे मागे ताणून कुलूप लावल्यासारखे घट्ट, कारण तुम्हीच ताठ उभं राहायला शिकवलंय. तुम्ही ‘खेळ आणि शिस्त’वर आलात तेव्हा तिने जांभई दिली. तुम्हाला वाटलं, कंटाळली. वर्गशिक्षिकांनी डोळे वटारले. ‘खेळ आणि राष्ट्रनिर्माण’ला वरच्या ओठावर घाम आला आणि ओठांचा रंग उडाला. मग ती थोडी पुढे-मागे झुलली, वाऱ्यात काठी झुलते तशी. शेजारणीने तिच्याकडे पाहिलं, पण रांगेत बोलायचं नसतं. ‘आमच्या वेळी मैदानं होती’ला ती खाली गेली, हात पुढे न टाकता, थेट.

जांभई, घाम, फिका चेहरा, झुलणं, अशी ती पायऱ्यापायऱ्यांनी सांगत होती. कोणी दुसऱ्याच पायरीला तिला खाली बसवलं असतं, किंवा निदान गुडघे सैल सोड आणि बुटातल्या बुटात बोटं हलव असं सांगितलं असतं, तर बहुधा काही झालं नसतं. पण मग तुमच्या भाषणात व्यत्यय आला असता.

आता पडलीच आहे तर दोन शिक्षकांनी तिला काखेत धरून उभं करायचं आणि उभ्यानेच मंडपाकडे न्यायचं, ही रूढ पद्धत. खरं तर ती पडली म्हणजे शरीराने आपला इलाज आपणच केला: डोकं आणि हृदय एका पातळीवर आलं की रक्त मेंदूकडे पोचतं. तिला तसंच आडवं ठेवून पाय थोडे वर धरले तर मिनिटाभरात डोळे उघडतात. न उघडले, किंवा पडताना डोकं आपटलं, तर डॉक्टर. पण आडव्या मुलीमुळे रांगेची शोभा जाते, म्हणून उभी करा. माईकवरून मात्र एवढं म्हणायला विसरू नका: ‘बघा, म्हणूनच मी स्टॅमिना वाढवा म्हणतो.’ टाळ्या पडतात. मी स्वतः ऐकल्यात, आणि एकदा वाजवल्याही आहेत.

भाषणात काय असावं हे झालं. काय नसावं, हे त्याहून महत्त्वाचं. उपयोगाचं एकही वाक्य नसावं. पाणी कुठे आहे, प्रथमोपचाराचं टेबल कुठल्या बाजूला, गोळाफेकीच्या पट्ट्यात पालकांनी का शिरू नये, हे सांगायला लागलात की ते भाषण राहत नाही, सूचना होते. आणि सूचना तर कोणीही देतो.

विशेषतः 200 मीटरच्या शर्यतीबद्दल अवाक्षर काढू नका. या शर्यतीची सुरुवात वळणावर होते, आणि बाहेरच्या लेनचं वळण आतल्यापेक्षा लांब असतं. म्हणून बाहेरच्या धावपटूला तेवढं पुढे उभं करतात. 400 मीटरच्या प्रमाणित ट्रॅकवर दुसरी लेन पहिलीपेक्षा सुमारे साडेतीन मीटर पुढे येते, त्यानंतरची प्रत्येक लेन आणखी पावणेचार मीटरच्या आसपास पुढे, आणि सहाव्या लेनचा मुलगा पहिल्याच्या पुढे जवळजवळ 19 मीटर उभा दिसतो. सरळ मार्गावर येईपर्यंत हा सगळा हिशेब फिटतो. ‘पुढे उभा असलेला पुढे नाही, तो बाहेर आहे’ एवढं एक वाक्य भाषणात टाकलं असतं तर पालकांना कळलं असतं.

पण मग पहिल्या लेनचे वडील उठून ट्रॅकवर आले नसते. ‘त्याला एवढं पुढे आणि माझ्या मुलाला मागे, हा कुठला न्याय?’ असं ते विचारतात. तुम्ही फीत काढता. सहाव्या लेनच्या आई येतात. कोणीतरी फोनमध्ये गणित करतो. मुलं सहाच्या सहा आपापल्या चुन्याच्या रेषेवर वाकून उभी, स्टार्टर हात वर करून थांबलेला, आणि पाऊण तास हातातून जातो. भाषण वाचलं त्या वेळात बसवता आलं असतं ते वाक्य, पण राष्ट्रनिर्माणाला जागा कमी पडली असती.

वेळापत्रकाची काळजी तुम्ही करू नका, ते आपणहून आकसतं. समजा 100 मीटरला 96 मुलं आहेत आणि सहा लेन आहेत. म्हणजे 16 फेऱ्या. मुलांना बोलावणं, उभं करणं, पळवणं, वेळ लिहिणं धरून फेरीला तीन मिनिटं लागली तर 48 मिनिटं. तुमचं भाषण 24 मिनिटांचं झालं, म्हणजे आठ फेऱ्यांचं, म्हणजे 48 मुलांचं. आता कुठून तरी तेवढा वेळ काढायला हवा. शेवटी असते रिले, तिच्यासाठी चार-चार मुलं दोन महिने सकाळी बॅटन हातात घेऊन एकमेकांमागे धावलेली असतात. ती रद्द करा. जाहीर करताना कारण द्यायचं असतं, ते ठरलेलं आहे: ‘वेळेअभावी’.

आणि समारोप. सगळ्यांचे आभार माना, पाहुण्यांचे पुन्हा माना, ‘माझे दोन शब्द संपवतो’ म्हणून आणखी थोडं बोला आणि घाम पुसत खुर्चीवर बसा. टाळ्या होतील, त्या संपतील, मग एक चमत्कारिक शांतता पसरेल. पाहुणे तुमच्याकडे बघतील, मुख्याध्यापक कागदाकडे बघतील, स्टार्टर मुख्याध्यापकांकडे. मुलं अजून ‘सावधान’मध्येच असतील. आणि पहिल्या रांगेतला पहिलीतला एक मुलगा हात वर करून विचारेल, ‘सर, खेळ सुरू झाले का?’

तुम्ही तेवढं सांगायचंच राहून गेलेलं असेल.